कॉम्प्रेशन मोजे घेण्याआधी: टेप सकाळीच काढा

प्रवास ठरला की कॉम्प्रेशन मोज्यांचं, म्हणजे पायावर ठरावीक दाब देणाऱ्या घट्ट मोज्यांचं, काम निदान दहा दिवस आधी हाती घ्या. आदल्या संध्याकाळी आणलेला मोजा घालून बघायला वेळ उरत नाही, आणि एकदाही न वापरलेला मोजा दहा तास पायात ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी पायांची मापं घेऊन असे मोजे देण्याचं काम करते. माझ्याकडे परत येणाऱ्या बहुतेक जोड्यांमध्ये मोजा चांगला असतो, माप चुकलेलं असतं. कुणी बुटाच्या नंबरावरून घेतलेलं असतं, कुणी दिवसभर उभं राहून पाय सुजल्यावर.

म्हणून सुरुवात टेपपासून. सकाळी उठल्यावर, कामाला लागण्याआधी मोजा, कारण तेव्हा पाय सर्वांत कमी सुजलेला असतो. पहिलं माप घोट्याच्या हाडांच्या जरा वर, जिथे पाय सर्वांत बारीक असतो तिथलं. दुसरं पोटरीच्या सर्वांत जाड भागाचं. तिसरं लांबीचं: खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत मोजा. टेप कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको. दोन्ही पाय वेगवेगळे मोजून आकडे लिहून ठेवा. दोन पोटऱ्यांत तीन सेंटीमीटर किंवा जास्त फरक दिसला आणि तो आधी नव्हता, तर मोज्यांची खरेदी थांबवा आणि आधी डॉक्टरांना पाय दाखवा. एकाच पायाला आलेली नवी सूज शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते.

घोट्याच्या मापावर मी इतका भर देते त्याला कारण आहे. आपण न हलता उभे असतो तेव्हा हृदयापासून पायापर्यंतच्या रक्ताचा सगळा भार घोट्याजवळच्या शिरांवर येतो. तिथला दाब साधारण 80 ते 90 मिलिमीटर पारा इतका चढतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि हाच दाब 30 च्या आसपास उतरतो. चांगला मोजा या कामाला हातभार लावतो. त्याची पकड घोट्याशी सर्वांत जास्त असते आणि वर जाताना कमी होत जाते. खोक्यावर छापलेला दाबाचा आकडाही घोट्यापाशीचाच असतो. घोट्याला मोजा सैल बसला, तर तो आकडा तुमच्या पायापुरता खरा राहत नाही.

एका परिचारिकाबाईंचं उदाहरण सांगते. बारा तासांची उभ्याची ड्यूटी, आणि तीन आठवड्यांनी नऊ तासांचा विमानप्रवास. त्यांनी आधीच लार्ज मापाचे मोजे घेतले होते, पण दुपारपर्यंत ते घोट्याशी चुण्या पडून गोळा होत आणि गुडघ्याखाली लाल खाच उमटे. मी माप घेतलं: घोटा 22 सेंटीमीटर, पोटरी 40, लांबी 38. त्या मोज्याच्या तक्त्यात मीडियम म्हणजे घोटा 20 ते 23 आणि पोटरी 38 पर्यंत. लार्ज म्हणजे घोटा 23 ते 26 आणि पोटरी 42 पर्यंत. पोटरी मावावी म्हणून त्यांनी लार्ज निवडला आणि घोट्याची पकड गमावली. शिवाय मोजा लांबीला जास्त असल्यामुळे त्या वरची पट्टी दुमडून घेत. दुमडलेल्या जागी कापडाचे दोन थर होतात आणि दाब जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे खाली सैल, वर आवळलेलं. हवं त्याच्या नेमकं उलट.

त्यांना लागू पडला तो मीडियम, पण रुंद पोटरीचा आणि आखूड लांबीचा. अशी मापं वेगळी मिळतात, मागावी मात्र लागतात. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर घोट्याचं माप धरून ठेवा आणि पोटरीसाठी दुसऱ्या कंपनीचा तक्ता बघा; प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा असतो. तरीही जमलं नाही तर मापानुसार बनवलेला मोजा घ्यावा. प्रवासासाठी आणि उभ्याच्या कामासाठी गुडघ्यापर्यंतचा मोजा पुरतो. मांडीपर्यंतचा घरंगळतो आणि गुडघ्यामागे चुण्या पाडतो.

माप ठरलं की दाब. ज्यांना शिरांचा कोणताही आजार नाही त्यांच्या लांबच्या प्रवासाला आणि दिवसभराच्या उभ्याच्या कामाला मी 15 ते 20 मिलिमीटर पाऱ्यापासून सुरुवात करायला सांगते. त्याहून हलके मोजे पाय जड होण्यापुरते ठीक. 20 ते 30 चे मोजे व्हेरिकोज व्हेन्स म्हणजे फुगलेल्या शिरांसाठी किंवा पूर्वी झालेल्या गुठळीसाठी डॉक्टर सुचवतात. ते स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. 30 च्या वरचे तर चिठ्ठीशिवाय नकोतच. जास्त दाब म्हणजे जास्त फायदा हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. घालायला अवघड आणि पायाला नकोसा मोजा कपाटातच राहतो.

खोक्यावर ‘क्लास 2’ एवढंच लिहिलेलं असेल तर फसू नका. ब्रिटिश मानकात क्लास 2 म्हणजे 18 ते 24, जर्मन मानकात क्लास 2 म्हणजे 23 ते 32. मिलिमीटर पाऱ्याचा आकडा शोधा. तो नसेल तर ती जोडी घेऊ नका. घरी कुणाच्या ऑपरेशनच्या वेळचे पांढरे मोजे पडलेले असतील तर तेही प्रवासाला नेऊ नका. ते अंथरुणावर पडून असलेल्या रुग्णासाठी बनवलेले असतात.

पुढचा भाग खरेदीच्या आधीच वाचायला हवा, कारण काही पायांना हे मोजे अपाय करतात. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील, तर आधीच कमी पोचणारं रक्त बाहेरच्या दाबाने आणखी अडतं. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की दुखणं जातं, पाऊल थंड राहतं, बोटांवरची जखम भरत नाही, अशा खुणा असतील तर आधी तपासणी करून घ्या. तपासणी सोपी आहे: घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते 0.5 च्या खाली असेल तर असे मोजे घालायचे नाहीत. त्याच्या वर पण सामान्यापेक्षा कमी असेल तर निर्णय डॉक्टरांचा. मधुमेहामुळे पावलं बधिर झालेल्यांनीही विचारल्याशिवाय घालू नयेत, कारण मोजा रुतला तरी त्यांना कळत नाही. हृदयाचं काम फार मंदावलेलं असेल, कातडी फुटून पाणी येत असेल किंवा पायाला संसर्ग असेल, तरीही थांबा.

दोन्ही पाय रोजच सुजत असतील तर मोज्याने सूज दडते, तिचं कारण तसंच राहतं. ते हृदयात, मूत्रपिंडात किंवा यकृतात असू शकतं. रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिन या गोळीनेही घोटे सुजतात. मग मोजे बदलत बसण्यापेक्षा गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलणं योग्य.

विमानप्रवासातला फायदा नेमका किती, हे सांगणं मला आवश्यक वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली मांडलेल्या निष्कर्षांनुसार चार तासांहून अधिक बसून प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि हे बस, रेल्वे, मोटारीलाही लागू आहे. पण निरोगी माणसासाठी तो मुळात लहान आहे, सुमारे 6,000 जणांत एक. मोज्यांच्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या, कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात सुमारे 2,600 विमानप्रवाशांपैकी 50 जणांच्या पायात लक्षण न देणारी गुठळी सापडली. त्यांतल्या 3 जणांनी मोजे घातले होते, 47 जणांनी नाही. पायाची सूजही कमी आढळली. पूर्वी गुठळी झालेली, नुकतंच मोठं ऑपरेशन झालेलं, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, गर्भवती किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या, इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या, अशांनी फक्त मोज्यांवर विसंबू नये. काहींना रक्त पातळ करणारं औषधही लागतं. ते डॉक्टर प्रवासाआधी ठरवतात.

मोजे आले की घरी निदान दोन दिवस घालून बघा. आदल्या रात्री पायाला लावलेलं क्रीम चालेल, पण घालायच्या वेळी कातडी कोरडी हवी. नखं कापलेली, अंगठ्या काढलेल्या. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, आधी पाऊल आत सरकवा, टाच टाचेच्या जागी बसवा आणि मग तळहाताने थोडा थोडा वर न्या. वरची पट्टी धरून ओढू नका; त्याने कापड वर साचतं आणि खाली ताण कमी पडतो. साधे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली येते. वरची कड लवणीच्या दोन बोटं खाली संपली पाहिजे. अर्ध्या तासाने बोटांचा रंग बघा. अंगठ्याचं नख दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. मुंग्या, बधिरपणा, निळसर बोटं किंवा दुखणं जाणवलं तर लगेच काढा. काढल्यावर उमटलेली विणीची हलकी नक्षी थोड्या वेळात जाते. खोल खाच मात्र चुकीच्या मापाची खूण समजा.

प्रवासात निघण्याआधी घरीच घाला, पाय सुजल्यावर सीटवर बसून नव्हे. बसमध्ये सीटची कड लवणीत रुतते, तिथेच मोज्याची कडही असेल तर दोन्ही मिळून शीर दाबतात. अशा वेळी पायाखाली बॅग घेऊन गुडघे थोडे उचला. गाडी थांबेल तिथे उतरून चाला आणि बसल्या जागी पंजे वरखाली करत राहा. उभ्याच्या कामालाही हाच नियम आहे: स्नायू हलला तरच मोजा कामी येतो. तासन् तास एकाच जागी ताटकळण्यापेक्षा टाचा उचलणं, वजन या पायावरून त्या पायावर घेणं जास्त उपयोगी. रात्री झोपताना मोजे काढून ठेवा.

रोजच्या वापराला दोन जोड्या हव्यात. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत पसरून वाळवा. नियमित वापरात सहा महिन्यांत इलॅस्टिक थकतं. मोजा पूर्वीपेक्षा सहज चढू लागला की नवा घ्यायची वेळ झाली.

पोचल्यावरही पायांकडे काही आठवडे लक्ष ठेवा, कारण गुठळीची लक्षणं प्रवासानंतर तीन-चार आठवड्यांपर्यंतही दिसू शकतात. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, कातडी गरम आणि लाल झाली, तर मोजा न चढवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि प्रवासाची तारीख आठवणीने सांगा. अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर वाट न बघता तातडीच्या विभागात पोचा.