या चुका टाळा: संसर्गाची साखळी पाठ असते, पण बेडजवळ कडी सापडत नाही

'चेन ऑफ इन्फेक्शन' हा प्रश्न आला की जीएनएम असो वा बीएससी नर्सिंग, उत्तर ठरलेलं असतं. एक गोल काढायचा आणि त्यावर सहा नावं लिहायची: रोगकारक, साठा म्हणजे रिझर्व्हॉयर, बाहेर पडण्याची वाट, प्रसाराचा मार्ग, आत शिरण्याची वाट आणि बळी पडू शकणारी व्यक्ती. आकृती बरोबर आली की गुण मिळतात. मग क्लिनिकल पोस्टिंगला ट्यूटर मॅडम एखाद्या बेडजवळ थांबून विचारतात, "या पेशंटचं पोर्टल ऑफ एक्झिट कुठलं?" आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

सहा नावं पाठ असली तरी प्रत्येक नावापुढे त्या पेशंटचा अवयव, स्राव किंवा वस्तू लिहिता आली नाही, तर साखळी कळलेली नाही असं मी धरते. आणि ती न कळल्यामुळे वॉर्डात होणाऱ्या चुका बहुतेक वेळा त्याच त्या असतात.

चूक पहिली: पाण्यालाच साठा समजणं

पावसाळ्यात मुंबईत पाणी तुंबलं की लेप्टोची चर्चा सुरू होते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण झपाट्याने वाढले होते, तेव्हापासून हा आजार घराघरात माहीत आहे. म्हणूनच उदाहरण म्हणून विद्यार्थी तो हमखास लिहितात, आणि साठ्याच्या कडीत हमखास 'साचलेलं पाणी' लिहितात.

साठा म्हणजे जंतू जिथे टिकतो, वाढतो आणि जिथून पुन्हापुन्हा बाहेर येत राहतो ती जागा. लेप्टोस्पायरासाठी ती जागा म्हणजे उंदीर, नेमकं सांगायचं तर उंदराची किडनी. उंदीर स्वतः ठणठणीत दिसतो, पण लघवीतून जंतू सोडत राहतो. तेव्हा बाहेर पडण्याची वाट म्हणजे उंदराची लघवी. तुंबलेलं पाणी हे जंतू वाहून नेणारं माध्यम, म्हणजे ते प्रसाराच्या कडीत बसतं. आत शिरण्याची वाट म्हणजे पायाला पडलेली भेग, खरचटलेली जागा, किंवा डोळ्यांची आणि तोंडाची नाजूक त्वचा. बळी पडणारी व्यक्ती म्हणजे त्या पाण्यातून चालत गेलेला माणूस.

हा फरक नुसता शब्दांचा नाही, उपाय त्यावरून ठरतात. गमबूट आत शिरण्याची वाट अडवतात. पाण्यातून चालून आलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन माणसाच्या कडीवर काम करतं. पण साठा कमी करायचा असेल तर कचरा उचलणं आणि उंदरांचा बंदोबस्त हाच मार्ग उरतो. पाणी ओसरलं तरी उंदीर तिथेच असतात.

याच आजारात दुसरी एक गडबड दिसते. लेप्टोचा पेशंट दाखल झाला की त्याला वेगळ्या खोलीत ठेवायची घाई होते. माणसाकडून माणसाला लेप्टो होणं फारच विरळ. इथे स्टँडर्ड प्रिकॉशन्स पुरतात: लघवी, रक्त हाताळताना ग्लोव्हज आणि नंतर हात धुणं.

चूक दुसरी: टीबीच्या पेशंटचं ताट वेगळं, खिडकी मात्र बंद

घरात फुफ्फुसाचा टीबी निघाला की पहिली गोष्ट काय होते? ताट, वाटी, पेला वेगळा. पेशंटला गार वारा लागू नये म्हणून खिडकी बंद. विद्यार्थीही आरोग्य शिक्षणाच्या चार्टवर 'भांडी वेगळी ठेवा' असं लिहून आणतात.

टीबीचा जंतू खोकताना, बोलताना, गाताना उडणाऱ्या अगदी बारीक कणांतून बाहेर येतो. हे कण जमिनीवर पडत नाहीत, सुकून हलके होतात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. दुसऱ्याने ते श्वासातून थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत ओढले तर संसर्ग होतो. ताटाला लागलेला जंतू त्या तळापर्यंत पोचत नाही. म्हणजे वेगळ्या ताटाने कुठलीच कडी तुटत नाही, फक्त पेशंटला घरात परकं वाटतं. बंद खिडकीने मात्र प्रसाराची कडी आणखी मजबूत होते. चार्टवर लिहायचं असेल तर 'खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवा, खोकताना तोंड झाका, गोळ्या चुकवू नका' असं लिहा. थुंकीचा नमुनाही बंद बाथरूममध्ये न घेता मोकळ्या हवेत घ्यायला सांगा.

मास्कच्या बाबतीत उलटसुलट गोष्टी चालतात. पेशंटला साधा सर्जिकल मास्क द्यायचा, कारण त्याच्या तोंडातून निघणारे कण तिथेच अडवायचे आहेत. म्हणजे ही बाहेर पडण्याची वाट. नर्सने एन-९५ घालायचा, कारण तिला हवेतले बारीक कण आत जाण्यापासून रोखायचे आहेत. काही मुली जास्त सुरक्षित वाटावं म्हणून आधी सर्जिकल मास्क आणि त्यावर एन-९५ घालतात. मग एन-९५ ची कड चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि हवा फटीतून आत येते. एन-९५ थेट त्वचेवर घाला, नाकावरची पट्टी दाबा, जोरात श्वास सोडून कडेने हवा सुटते का ते बघा. डोळ्यांवर किंवा चष्म्यावर वाफ येत असेल तर मास्क नीट बसलेला नाही.

आणि टीबी हा शब्द वाचला की लगेच आयसोलेशन, ही सवयही सोडा. मणक्याचा टीबी असलेल्या, पण फुफ्फुसं स्वच्छ असलेल्या पेशंटमध्ये जंतू आहे, साठाही आहे. पण तो श्वासातून बाहेर येत नाही. त्याच्या शेजारच्या बेडला धोका नाही. जखमेतून पू वाहत असेल तर त्या पुवाची आणि ड्रेसिंगची काळजी घ्यायची. फुफ्फुसं खरंच स्वच्छ आहेत का, हे मात्र केस पेपरवर एक्स-रे आणि थुंकीच्या रिपोर्टमध्ये बघून घ्या.

चूक तिसरी: एका आजाराला एकच मार्ग

तक्त्यात आजारासमोर एकच खूण करायची सवय असते. कांजिण्या मात्र हवेतूनही पसरतात आणि फोडांतल्या पाण्याच्या स्पर्शातूनही. म्हणून तिथे मास्क आणि ग्लोव्हज दोन्ही लागतात, आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागतात. ज्या मुलीला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही, तिने ड्यूटी लावतानाच इन्चार्ज सिस्टरना तसं सांगावं.

डेंग्यूत उलटी चूक होते. तो स्पर्शाने होत नाही हे पाठ असतं, म्हणून पेशंटकडून धोकाच नाही असं ठरवून टाकतात. ताप असलेल्या पहिल्या काही दिवसांत पेशंटच्या रक्तात विषाणू असतो. त्याला चावलेला एडिस डास आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याला आजार देऊ शकतो. हा डास दिवसा चावतो, म्हणून मच्छरदाणी दुपारीही लावायची. ती इथे पेशंटपेक्षा इतरांसाठी जास्त आहे.

चूक चौथी: ग्लोव्हज घातले की काम झालं

ही चूक सगळ्यांत महाग पडते, म्हणून एक प्रसंग नीट उलगडून बघू. मेल मेडिकल वॉर्ड आहे असं समजा. बेड ४ वरच्या आजोबांना कॅथेटर आहे आणि त्यांच्या युरिन कल्चरमध्ये क्लेबसिएला आला आहे. बेड ६ वरच्या पॅरालिसिसच्या काकांनाही कॅथेटर आहे, त्यांची लघवी स्वच्छ आहे. सकाळी इनटेक-आउटपुट लिहायचं म्हणून विद्यार्थिनी ग्लोव्हज घालते, बेड ४ ची युरोबॅग मेजरिंग जगमध्ये रिकामी करते, जग ओतून येते आणि त्याच जगाने, त्याच ग्लोव्हजने बेड ६ ची बॅग रिकामी करते. बॅगेची तोटी जगच्या काठाला टेकते. काही दिवसांनी काकांना थंडी वाजून ताप येतो, लघवी गढूळ होते. कल्चरमध्ये क्लेबसिएला.

आता कड्या भरा. रोगकारक क्लेबसिएला. साठा आजोबांचं मूत्राशय आणि त्यांची बॅग. बाहेर पडण्याची वाट बॅगेची तोटी. प्रसार अप्रत्यक्ष स्पर्शातून: जग आणि ग्लोव्हज. आत शिरण्याची वाट काकांच्या बॅगेची तोटी, तिथून नळीतून वर. बळी काका, कारण कॅथेटरमुळे मूत्रमार्गाचं नैसर्गिक संरक्षण गेलेलं आहे.

ग्लोव्हजने इथे कोणाचं रक्षण केलं? फक्त विद्यार्थिनीच्या हाताचं. काकांच्या दृष्टीने ते ग्लोव्हज जगइतकेच घाण होते. ग्लोव्हज पेशंटगणिक बदलायचे आणि काढल्यावर हात स्वच्छ करायचेच, कारण त्यांना बारीक छिद्रं असतात आणि काढतानाही हात माखतात. हात दिसायला स्वच्छ असतील तर हँडरब २० ते ३० सेकंद चोळा. माखलेले असतील तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबाच्या पेशंटनंतर मात्र हँडरबवर विसंबू नका. त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, त्यांना साबण-पाण्याने धुऊनच काढावं लागतं.

प्रत्येक पेशंटला स्वतःचा जग हवा. तेवढे जग नसतील तर दोघांच्या मध्ये तो धुऊन निर्जंतुक केल्याशिवाय वापरायचा नाही. तोटी जगला टेकू द्यायची नाही, ओतून झाल्यावर पुसून बंद करायची. बॅग कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. एक्स-रेला नेताना मामा ती पेशंटच्या पोटावर ठेवतात, तेव्हा बॅगेतली लघवी उलटी वर चढते, म्हणून ट्रॉलीच्या कडेला अडकवायला सांगा. बॅग दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. नळी आणि बॅग यांचा जोड उगाच उघडू नका.

हे सगळं केलं तरी एक कडी उरते. कॅथेटर आत असेल तर दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत नव्याने जंतू येतात. काका डायपरवर किंवा कंडोम कॅथेटरवर राहू शकत असतील, तर नळी काढणं हाच सगळ्यांत पक्का उपाय. म्हणून सकाळच्या राउंडला डॉक्टरांना विचारायचा प्रश्न लिहून ठेवा: "सर, बेड ६ चं कॅथेटर आज काढता येईल का?" आणि कॅथेटर कुठल्या तारखेला घातलं होतं, हे केस पेपरवर आधी शोधून ठेवा. ते लगेच विचारतील.