या चुका टाळा: ‘बँकेसमोर’ शोधलं आणि भलत्याच दारात उभे राहिलो

माझं सोलापुरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आठवड्यातून दोन-तीन जण तरी फोन पुढे करतात, “मॅप बिघडलाय बघा.” बहुतेक वेळा मॅप ठणठणीत असतो. बिघडलेलं असतं ते शोधताना टाइप केलेलं वाक्य. पण हे मी कुणाला फार टोचून बोलत नाही, कारण सगळ्यात मोठी फजिती माझ्याच सांगण्यामुळे झाली.

मे महिन्यात बार्शीहून दाजी आले, लग्नपत्रिका न्यायला. प्रेस होटगी रोडला, आसरा चौकाच्या अलीकडे. मी फोनवर एवढंच म्हणालो, “बँकेसमोर आहे, कुणीही सांगेल.” दाजींनी कुणाला विचारलं नाही. त्यांनी `printing press opposite bank solapur` असं टाकलं, वर आलेलं पहिलं नाव दाबलं आणि थेट नवी पेठेच्या गर्दीत जाऊन पोचले. दुपारचे दोन, प्रेसचं शटर खाली, आणि पत्रिका दुसरीकडेच. तिथून त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

रात्री मी दोन्ही प्रेसची पानं उघडून बसलो. आपल्या प्रेसच्या पत्त्यात दुकान नंबर आणि ‘होटगी रोड’ एवढंच होतं, बँकेचा उल्लेखच नाही. नवी पेठेतल्या प्रेसने मात्र पत्त्यातच `Opp. Bank` लिहून ठेवलेलं. मग गंमत म्हणून `opposite` काढून `behind` टाकलं. वर पुन्हा तोच प्रेस! तेव्हा उलगडा झाला. ‘समोर’ म्हणजे रस्ता ओलांडून पलीकडे, हे इथे कुणी मोजतच नव्हतं. नकाशाला दुकानाचा ठिपका माहीत असतो. दार कुठल्या बाजूला उघडतं ते बहुधा माहीत नसतं. त्यात शहरात बँका किती, तुमच्या मनातली कुठली, हे तो कसं ओळखणार? मग पत्त्यात किंवा नावात जुळणारे शब्द ज्याच्याकडे आहेत, तो वर सरकतो. नुसतं `opposite bank` टाकलं तर माझ्याकडे बँकाच पुढे आल्या.

तुम्हालाही शंका आली तर हेच करा. ‘समोर’च्या जागी ‘मागे’ टाका. यादी हलली नाही, तर तो शब्द वाया गेला असं समजा.

माझी सवय आता अशी: आधी बँक शोधायची, शाखेच्या पूर्ण नावासकट. नकाशा तिथे आला की बोटांनी मोठा करायचा, एवढा की बँकेभोवतालच्या दोन-चार गल्ल्याच दिसाव्यात. मग वर नुसतं `printing press` टाकायचं. नकाशा सरकवल्यावर `Search this area` असं बटण आलं तर तेही दाबायचं. अर्धा मिनिट जास्त लागतो. घाईवाल्यांना तेवढाही धीर नसतो, म्हणून ते नवी पेठेत पोचतात.

दुसरी चूक `near me` ची. ‘मी’ म्हणजे तुम्ही नव्हे, फोनला तुम्ही जिथे वाटता ती जागा. निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ मोठं दिसलं, तर फोन अंदाज बांधतोय. परवानगी देताना नेमकं ठिकाण नाकारलं असेल, तर अंदाज काही किलोमीटरनेही चुकू शकतो. सात रस्त्याला उभे असाल आणि जुळे सोलापूरची दुकानं आधी येतील. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपसाठी `Precise location` चालू करा, आणि इमारतीत असाल तर बाहेर येऊन थोडं थांबा. कॉम्प्युटरवर तर अजून वेगळंच. तिथे जीपीएस नसतं, त्यामुळे इंटरनेट जोडणीवरूनही ठिकाण ठरवलं जातं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला एकदा सगळी दुकानं पुण्यातली दिसत होती. गूगलच्या पानाच्या तळाशी तुमचं ठिकाण लिहिलेलं असतं. ते आधी वाचा, चुकीचं असेल तर `Update location` दाबा.

ठिकाण बरोबर असलं तरी पहिलं नाव सगळ्यात जवळचं असेलच असं नाही. गूगल अंतरासोबत दुकान किती जुळतं आणि किती प्रसिद्ध आहे हेही बघतं. दुकानाच्या नावातच ‘निअर मी’ घुसवणारे महाभाग वेगळेच. `Sponsored` लिहिलेलं असेल तर ती जाहिरात, सरळ खाली जा.

पाहुण्यांना मी आता ‘बँकेसमोर’ सांगतच नाही. नकाशावर दुकानाच्या दारावर बोट दाबून धरतो, खाली प्लस कोड, म्हणजे अक्षरं-आकड्यांचा छोटासा पत्ता येतो, तो पुढे ‘सोलापूर’ लिहून पाठवतो. तो साधारण 14 मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवतो, म्हणजे दार चुकलंच तर शेजारचं लागेल. दाजींना पाठवला तेव्हा त्यांचं उत्तर आलं, “हे आधी पाठवायला काय झालं होतं?”