हार्ट फेल्युअरचा केअर प्लॅन: गोल लिहिताना या चुका टाळा

केअर प्लॅनच्या फाइली तपासताना मी लाल पेनाने सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द आहे ‘किती?’ त्याच्या खालोखाल ‘कधी?’ मेडिसिन वॉर्डची पोस्टिंग संपली की तीस फाइली टेबलावर येतात. त्यातल्या पंचवीस फाइलींत हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी एकच वाक्य असतं: ‘पेशंट विल मेन्टेन नॉर्मल फ्लुइड व्हॉल्यूम.’ सीनियरच्या फाइलीतून उतरलेलं, आणि सीनियरने तिच्या सीनियरच्या फाइलीतून उतरवलेलं.

वाक्य चूक नाही, पण त्याने काही करता येत नाही. माझी कसोटी साधी आहे. उद्या तुम्ही सुट्टीवर आहात, तुमच्या जागी दुसरी विद्यार्थिनी आली, तिने पेशंटला आधी कधी पाहिलेलं नाही. तुमचा गोल वाचून, पेशंटजवळ उभं राहून, तिला ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं लिहिता आलं पाहिजे. कुणाला फोन न करता.

या लेखात एकच डायग्नोसिस घेते: एक्सेस फ्लुइड व्हॉल्यूम. हार्ट फेल्युअरमध्ये सगळे लिहितात ते हेच, आणि सगळ्यात जास्त चुका होतात त्याही इथेच. उदाहरणं मराठीत देते आहे. फाइलीत तुम्ही इंग्रजीत लिहाल, वाक्याचा सांगाडा तोच राहील.

नर्सचं काम पेशंटच्या गोलमध्ये

ही चूक पटकन ओळखता येते, म्हणून पटकन संपवू. ‘दर चार तासांनी व्हायटल्स घेणे’, ‘इनटेक-आउटपुट चार्ट ठेवणे’, ‘प्रॉप्ड-अप पोझिशन देणे’ ही तुमची कामं आहेत, ती इंटरव्हेन्शनच्या रकान्यात जातात. गोलच्या वाक्याचा कर्ता पेशंट असतो, नाहीतर पेशंटच्या शरीराची एखादी खूण: वजन, लघवी, सूज, श्वास. चार्ट अगदी चोख भरला आणि पेशंटच्या पायांची सूज मात्र गुडघ्यापर्यंत चढली, तरी असा गोल ‘मेट’ ठरतो. एवढ्यावरूनच तो चुकलाय हे कळतं.

सुरुवातीचा आकडा नसलेला गोल

नेहमीचाच पेशंट धरू. बासष्ट वर्षांचे काका, तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला. आठवडाभर आडवं झोपलं की दम लागतो, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपतात. पायांवर नडगीपर्यंत सूज, दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी क्रेप्ट्स. डॉक्टरांची ऑर्डर: फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम शिरेतून दिवसातून दोनदा, दिवसभरात एकूण दीड लिटर पाणी. सकाळी ६ वाजता वॉर्डच्या काट्यावर वजन ६८.४ किलो.

आता बहुतेक जणी लिहितात, ‘दोन दिवसांत पेशंटची सूज कमी होईल.’ कुठून कुठपर्यंत कमी होईल? एका विद्यार्थिनीला जी सूज दोन प्लस वाटते ती दुसरीला तीन प्लस वाटते, कारण दोघींचा अंगठा वेगळा आणि दाबही वेगळा. शिवाय औषधाने आधी रक्तातलं पाणी लघवीवाटे जातं, आणि मग हळूहळू पायातलं पाणी रक्तात येतं. म्हणून सूज वजनाच्या मागून उतरते. पहिल्या दिवशी सूज तशीच दिसली म्हणून गोल ‘नॉट मेट’ लिहिणं पेशंटवर अन्याय करणारं आहे.

म्हणून पहिला आधार वजनाचा घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि एका दिवसात शरीर किलोभर चरबी कमावत किंवा घालवत नाही. त्यामुळे दिवसागणिक होणारा बदल हा जवळजवळ सगळा पाण्याचाच असतो. काकांचा जुना ओपीडी पेपर उघडून बघा. तीन आठवड्यांपूर्वी दम नव्हता, सूज नव्हती, तेव्हा वजन होतं ६४ किलो. म्हणजे अंदाजे चार-साडेचार लिटर पाणी अंगात साठलंय. हा जुना पेपर बहुतेकदा नातेवाइकांच्या कॅरीबॅगमध्येच असतो आणि कुणी मागत नाही.

सूज लिहायचीच असेल तर टेप घ्या. घोट्याच्या हाडापासून वर ठरावीक अंतरावर पेनाने खूण करा आणि रोज त्याच खुणेवर घेर मोजा. दोन विद्यार्थिनींच्या टेपमध्ये अंगठ्याइतका फरक पडत नाही.

वेळ चुकीची, म्हणून मोजणारंच कुणी नाही

तुमची ड्युटी आठ ते दोन. तुम्ही गोलमध्ये लिहिता ‘२४ तासांत’ आणि गोल लिहिलेला असतो सकाळी अकराला. उद्या अकराला काकांचा नाश्ता झालेला असतो, दोन कप चहा झालेले असतात. त्या वजनाची कालच्या सहाच्या वजनाशी तुलना होत नाही. वॉर्डात वजन कधी होतं ते नाइटच्या सिस्टरना विचारा आणि तीच वेळ गोलमध्ये लिहा.

दुसरं टोक म्हणजे ‘दोन आठवड्यांनंतर’. तुमची पोस्टिंग पाच दिवसांची. त्या गोलचं इव्हॅल्युएशन तुम्ही कशाच्या जोरावर लिहिणार?

वेळ औषधाच्या कामावरून ठरवा. शिरेतून दिलेलं फ्युरोसेमाइड पाच मिनिटांत कामाला लागतं, अर्ध्या तासात त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि साधारण दोन तासांत ओसरतो. म्हणजे आठच्या इंजेक्शनचा परिणाम तुमच्याच ड्युटीत दिसतो. तेव्हा दोन गोल लिहा, एक ड्युटीपुरता आणि एक उद्या सकाळचा.

ड्युटीचा गोल: ‘सकाळी ८ च्या डोसनंतर दुपारी २ पर्यंत पेशंटची मोजलेली लघवी ६०० मिली किंवा जास्त असेल.’ सहा तास, तासाला किमान १०० मिली, हा हिशेब. यापेक्षा कमी भरली तर दोन वाजेपर्यंत थांबू नका. दोन-तीन तासांतच अंदाज येतो, तेव्हाच सिस्टरना आणि डॉक्टरांना सांगा, कारण डोस पुरेसा आहे की नाही हे ते त्यावरून ठरवतात. कॅथेटर नसेल तर जार काकांच्या हातात द्या आणि संडासला गेल्यावरही तो सोबत न्यायला सांगा. तिथे सांडलेली लघवी चार्टवर कधीच येत नाही.

उद्याचा गोल: ‘उद्या सकाळी ६ वाजता, लघवीनंतर आणि चहाच्या आधी, वॉर्डच्या त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत पेशंटचं वजन ६७.४ ते ६७.९ किलोच्या दरम्यान असेल. वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेलेला नसेल आणि उभं राहिल्यावर चक्कर येत नसेल.’

खालची मर्यादा न लिहिणं

वाक्याचा शेवटचा तुकडा विद्यार्थी गाळतात. ‘वजन कमी होईल’ एवढंच लिहिलं तर एका दिवसात तीन किलो उतरले तरी गोल ‘मेट’! प्रत्यक्षात काका उठताना पडतील, रक्तदाब घसरलेला असेल, क्रिएटिनिन चढायला लागलेलं असेल. म्हणून गोलमध्ये पल्ला लिहायचा. मी इथे दिवसाला अर्धा ते एक किलो धरलंय. खूप सूज असलेल्या पेशंटमध्ये डॉक्टर जास्तही उतरवतात, तेव्हा आकडा राउंडला त्यांना विचारून लिहा. रक्तदाबाची मर्यादाही पेशंटच्या ऑर्डरप्रमाणे.

याच ओघात, ‘बीपी १२०/८० होईल’ असं लिहू नका. हार्ट फेल्युअरच्या गोळ्यांवर असलेल्या कितीतरी पेशंटचा वरचा आकडा शंभरच्या आसपास असतो आणि ते व्यवस्थित असतात. ‘तीन दिवसांत इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के होईल’ हेही मी वाचलंय. तीन दिवसांत तसं होत नाही, आणि झालं तरी ते नर्सिंग केअरचं फळ नसतं. सगळ्यांना सरसकट ‘एसपीओटू ९५ च्या वर’ लिहिण्याआधी पेशंटला सीओपीडी आहे का ते बघा. असेल तर त्याचं लक्ष्य बहुतेकदा ८८ ते ९२ असतं.

आकडा जुळत नाही, तेव्हा आधी माप तपासा

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन भरलं ६८.१. फक्त तीनशे ग्रॅम उतरलं. विद्यार्थिनी ‘गोल नॉट मेट’ लिहून, इंटरव्हेन्शनमध्ये ‘डॉक्टरांना कळवले’ टाकून मोकळी होते. थांबा. चार्ट बघा: चोवीस तासांत आत १४०० मिली, बाहेर २३०० मिली. नऊशेचा फरक. घाम आणि श्वासातून गेलेलं पाणी तर यात धरलेलंच नाही. मग वजन तीनशेच का उतरलं?

अशा वेळी दोनच शक्यता असतात: काटा खोटं बोलतोय किंवा चार्ट. आधी काटा बघा, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. काकांना थंडी वाजत होती, अंगात मुलाने आणलेला जाड स्वेटर, आणि पाचलाच चहा झालेला. स्वेटर काढून पुन्हा काट्यावर उभं केलं, वजन ६७.५. इव्हॅल्युएशनमध्ये असं लिहा: ‘६८.१ (स्वेटरसह), स्वेटर काढून ६७.५, चहानंतर. बीपी १०४/७०, उभं राहिल्यावर चक्कर नाही. गोल मेट.’ चहाचे ग्रॅम मनाने वजा करू नका. परिस्थिती लिहा, आकडा दिसला तसाच ठेवा.

स्वेटर काढूनही ६८.१ च आलं असतं, तर चार्टकडे वळायचं. नातेवाइकांना ‘पाणी किती दिलं?’ असं विचारलं की ते फक्त पाणी सांगतात. ताक, चहा, आमटी, पेज, मोसंबीचा रस हे त्यांच्या लेखी पाणी नसतं. एकेक नाव घेऊन विचारा. वाटीत आणि फुलपात्रात किती मिली मावतं ते एकदा मेजरिंग जारने मोजून चार्टच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

‘पेशंटला समजेल’

डिस्चार्जच्या शिकवणीचा गोल नेहमी असाच येतो: ‘पेशंटला आहाराची व वजनाची माहिती समजेल.’ समजलं हे मोजता येत नाही, सांगितलं किंवा करून दाखवलं हे मोजता येतं. ‘डिस्चार्जच्या आदल्या दिवशी पेशंट न अडखळता सांगेल: वजन रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी, तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर दवाखान्यात यायचं.’ मिठासाठी घरात स्वयंपाक करणारं माणूस गोलमध्ये घ्या. ‘काकू दिवसभराचं मीठ, सपाट एक चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम, वेगळं काढून दाखवतील आणि लोणचं, पापड, फरसाण, सुकट यांतलं मीठ त्याच्याबाहेरचं नाही, हे सांगतील.’

हा गोल लिहिण्याआधी एक प्रश्न मात्र विचाराच: ‘काका, घरी वजनाचा काटा आहे का?’ बऱ्याचदा नसतो. मग आठवड्यातून दोनदा उपकेंद्रात किंवा गावातल्या पिठाच्या गिरणीवरच्या काट्यावर, असं ठरवून तेच गोलमध्ये लिहा. मधल्या दिवसांसाठी हो-नाही मध्ये उत्तर येईल अशी खूण द्या. माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, ‘करदोटा रुतायला लागला किंवा चपलेचा पट्टा पायावर उमटला, तर त्याच दिवशी वजन करायला जाईन, असं पेशंट सांगेल.’ त्या फाइलीवर मी ‘किती?’ लिहिलं नाही.