तोच पुरावा दोनदा मोजू नका

प्रायर, लाइकलीहूड, पोस्टेरियर हे शब्द तुमच्या कानावरून गेले असतीलच, म्हणून व्याख्या सांगत बसत नाही. मी ज्या चुकीत अडकलो तीच सांगतो. ती आठवली की अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे सुटे भाग तपासणाऱ्या सेन्सरचा डेटा होता. शंभरात एक भाग सदोष निघायचा. हा प्रायर, म्हणजे सेन्सर वाजायच्या आधीच आपल्याला असलेला अंदाज. सदोष भाग असेल तर सेन्सर ९० टक्के वेळा वाजायचा, चांगला असेल तर ५ टक्के वेळा. हे लाइकलीहूड.

सूत्र बाजूला ठेवा आणि १०,००० भाग डोळ्यांसमोर आणा. (आधी सूत्र पाठ करायला लावणारे शिक्षक नुकसानच करतात, असं माझं ठाम मत आहे.) सदोष १००, त्यांतले ९० वाजतात. चांगले ९,९००, त्यांतले ४९५ वाजतात. म्हणजे वाजलेल्या ५८५ भागांत खरे सदोष ९०च, जेमतेम १५ टक्के. इथे पहिल्यांदा सगळेच गोंधळतात, घाबरू नका. दोन-चार उदाहरणं हाताने सोडवली की हे अंगवळणी पडतं.

मला ठेच लागली ती याच्या पुढे. वाजलेला भाग मी त्याच सेन्सरखाली पुन्हा ठेवला, तो पुन्हा वाजला. सदोष विरुद्ध चांगले हे प्रमाण आता ९० ला ४९५, म्हणजे २ ला ११ होतं. ९० भागिले ५ म्हणजे १८, म्हणून मी २ ला १८ ने गुणलं. ३६ ला ११, जवळपास ७७ टक्के! तिसऱ्यांदा वाजल्यावर तर ९८ टक्क्यांच्या वर. त्या भरवशावर मी भाग बाद करायला सांगितले आणि त्यांतले बहुतेक चांगले निघाले.

कारण साधं होतं. चांगल्या भागांवरच्या निरुपद्रवी ओरखड्यांमुळे सेन्सर वाजत होता, आणि ओरखडा दुसऱ्या वेळीही तिथेच असतो. दुसरा अलार्म नवा पुरावा नव्हताच. १८ ने गुणायचं ते दुसरी चूक पहिलीपासून स्वतंत्र असेल तरच.

ते ओळखायचं कसं? चांगले आहेत हे पक्कं ठाऊक असलेले, पण एकदा वाजलेले भाग घ्या आणि पुन्हा तपासा. शंभरातले पाचेक वाजले तर ठीक. मी केलं तेव्हा ८० वाजले. सदोष भागांतले ९० वाजत होते, म्हणजे गुणक ९० भागिले ८०, जेमतेम १.१. पंधरा टक्क्यांचे झाले सतरा, बस्स. त्यानंतर दुसरी तपासणी आम्ही वजनावरून करू लागलो, कारण ओरखड्याने वजन बदलत नाही.