तिसरा सहा दहाव्या फेकीला: वाट पाहण्याचं गणित मला कसं उमगलं

संभाव्यता शिकताना द्विपद वितरणापर्यंत माझी गाडी नीट चालली होती. जिऑमेट्रिक आणि निगेटिव्ह बायनोमियल आल्यावर सूत्रं पाठ असूनही उत्तरं चुकायला लागली. माझी सगळी गफलत एकाच उदाहरणात सापडली, म्हणून तेच उदाहरण इथे सविस्तर मांडतो.

आधी सोपा भाग. फासा टाकत राहायचं, पहिला सहा पडेपर्यंत. तो बरोबर चौथ्या फेकीला पडायचा असेल, तर आधीच्या तिन्ही फेकी हुकायला हव्यात आणि चौथी लागायला हवी:

```
(5/6)^3 × (1/6) = 125/1296 ≈ 0.0965
```

हेच जिऑमेट्रिक वितरण. सरासरी प्रतीक्षा 1/p, म्हणजे ६ फेकी. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. सरासरी ६ असली तरी सर्वात जास्त शक्यता पहिल्याच फेकीला सहा पडण्याची असते, कारण पुढच्या प्रत्येक फेकीसाठी आणखी एकदा 5/6 ने गुणावं लागतं. चौथ्या फेकीपर्यंत सहा पडून जाण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त आहे. तरीही सहा फेकी झाल्या आणि सहा पडलाच नाही, असं सुमारे ३३ टक्के वेळा घडतं. क्वचित येणाऱ्या लांबलचक प्रतीक्षा सरासरीला वर ओढतात.

आता ज्या गणितात मी अडकलो ते: तिसरा सहा बरोबर दहाव्या फेकीला पडण्याची संभाव्यता किती? मी लिहिलं, दहा फेकींपैकी तीन जागा निवडा, म्हणजे C(10,3) = 120 प्रकार. उत्तर आलं 0.155. शिकवणाऱ्या बाईंनी वहीत फक्त एक ओळ लिहून दाखवली, ल म्हणजे लागली, ह म्हणजे हुकली:

```
ल ह ल ह ल ह ह ह ह ह
```

आणि विचारलं, "यात तिसरा सहा कधी पडला?" पाचव्या फेकीला! माझ्या १२० प्रकारांत असल्या ओळीही मोजल्या गेल्या होत्या. मी काढलं होतं ते दहा फेकींत एकूण तीन सहा पडण्याचं, म्हणजे द्विपदाचं उत्तर. प्रश्न मात्र प्रतीक्षेचा होता आणि प्रतीक्षा सहा पडूनच संपते. शेवटची जागा ठरलेली असल्यामुळे निवड उरते ती पहिल्या नऊ फेकींतल्या दोन जागांची:

```
C(9,2) × (1/6)^3 × (5/6)^7 ≈ 0.0465
```

१२० पैकी ३६ ओळीच सहावर संपतात, म्हणजे दहातल्या तीन. जागा तीन, फेकी दहा. शेवटची फेक त्या तिघांपैकी एक असण्याचं प्रमाण तेवढंच असणार. उत्तर तपासायला ही युक्ती मी आजही वापरतो: द्विपदाच्या उत्तराला r/n ने गुणलं की निगेटिव्ह बायनोमियलचं उत्तर मिळतं.

सरासरीसाठी वेगळं सूत्र पाठ करायची गरज नाही. एक सहा पडला की पुढच्याची प्रतीक्षा नव्याने सुरू होते, म्हणून ६ + ६ + ६ = १८ फेकी.

दुसरा खड्डा संगणकावर भेटतो. काही ठिकाणी एकूण फेकी मोजतात, काही ठिकाणी फक्त हुकलेल्या. पायथॉनच्या scipy मध्ये तर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात:

```python
from scipy.stats import geom, nbinom
geom.pmf(4, 1/6)       # एकूण फेकी: 0.0965
nbinom.pmf(7, 3, 1/6)  # हुकलेल्या फेकी: 0.0465
```

nbinom ला ७ ऐवजी १० दिलेत तर 0.0493 येतं. खऱ्या उत्तराच्या इतकं जवळ की नुसतं पाहून चूक कळत नाही. R मधलं dgeom मात्र हुकलेल्या फेकी मोजतं, तिथे पहिल्या गणितासाठी ३ द्यावे लागतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे किंमत ० देऊन पाहणे. उत्तर शून्य आलं तर एकूण फेकी मोजल्या जात आहेत, कारण शून्य फेकींत सहा पडूच शकत नाही. 1/6 आलं तर हुकलेल्या.

आणि प्रत्येक वेळी p तोच राहतो का, हे गणित मांडण्याआधी बघा. ५२ पत्त्यांतून पहिला एक्का येईपर्यंत पत्ते काढायचे आहेत. पत्ता परत ठेवून पिसत असाल तर जिऑमेट्रिक चालतं आणि सरासरी १३ येते. परत ठेवत नसाल तर प्रत्येक हुकलेल्या पत्त्यागणिक एक्का येण्याची शक्यता वाढत जाते, सरासरी 53/5 म्हणजे १०.६ वर येते, आणि एकोणपन्नासाव्या पत्त्यापर्यंत एक्का निघतोच निघतो. जिऑमेट्रिकमध्ये अशी खात्री कुठल्याच फेकीला मिळत नाही.