मळणीची वेळ चुकली: कंपनीच्या माफीच्या व्हिडिओची संहिता नव्याने कशी लिहावी

समजा, वाशीम जिल्ह्यात मळणी यंत्रे भाड्याने देणारी एक कंपनी आहे. ८ ते ११ ऑक्टोबर या चार दिवसांसाठी तिने ९६ शेतकऱ्यांची नोंदणी घेतली आणि प्रत्येकाकडून ५०० रुपये आगाऊ घेतले. प्रत्यक्षात ६० जणांचीच मळणी झाली. उरलेल्या ३६ जणांच्या सोंगून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंज्या शेतातच राहिल्या, १२ तारखेच्या रात्री पाऊस आला आणि माल डागी झाला. कंपनीने व्हिडिओसाठी लिहून घेतलेली पहिली संहिता अशी होती: "काही तांत्रिक अडचणी आणि अवकाळी पाऊस यांमुळे आमच्या काही ग्राहकांची गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत. शेतकऱ्यांचे हित हेच आमचे ध्येय आहे."

या संहितेतील शब्द बदलण्याआधी नोंदवही उघडावी. कोणत्या गावांतील किती जणांना कोणती तारीख दिली होती, यंत्र कधी पोहोचले आणि शेतकऱ्याचा फोन कोणी घेतला किंवा घेतला नाही, हे एका कागदावर मांडावे. खरे कारण बहुधा याच कागदावर सापडते. येथे यंत्रे पाच होती आणि एक यंत्र दिवसाला तिघांची मळणी करू शकत होते, म्हणजे चार दिवसांत साठच जणांचे काम होणार होते. नोंदणी मात्र ९६ जणांची घेतली गेली. म्हणजे एकही यंत्र बिघडले नसते तरी ३६ जण राहिलेच असते, आणि संहितेतील 'तांत्रिक अडचणी' खोट्या ठरतात.

पावसाचा उल्लेख सर्वांत जपून करावा. पाऊस आला हे खरे असले तरी तो ठरलेल्या तारखा उलटून गेल्यावर आला. त्यामुळे कारण सांगताना पावसाचे नाव घेतले, की ज्याची गंजी भिजली तो शेतकरी व्हिडिओ तिथेच बंद करील, आणि त्याचे ते करणे रास्तच असेल. पाऊस नुकसानीच्या वाक्यात यावा, कारणाच्या वाक्यात नव्हे.

त्यानंतर भरपाई ठरवावी. ही पायरी लिखाणाची नसली तरी तिच्यावाचून संहिता पोकळच राहते. मालकाने मंजूर केलेली रक्कम, ती कशी मोजणार आणि कोणत्या तारखेपर्यंत देणार, एवढे पक्के झाल्यावरच ते वाक्य लिहावे. वकिलाचा सल्ला याच टप्प्यावर घ्यावा. संहिता लिहून झाल्यावर ती वकिलाकडे गेली, तर प्रत्येक ठाम वाक्यात 'असल्यास' आणि 'शक्यतो' शिरतात.

आता संहिता नव्याने लिहिता येते:

"नमस्कार. मी या कंपनीचा मालक बोलतो आहे. ८ ते ११ ऑक्टोबर या काळात आम्ही ३६ शेतकऱ्यांकडे मळणी यंत्र पाठवू शकलो नाही. आमची पाच यंत्रे चार दिवसांत साठच जणांची मळणी करू शकत होती, तरी आम्ही ९६ नोंदण्या घेतल्या. ही चूक आमची आहे. तुम्ही फोन करत राहिलात आणि आम्ही 'उद्या येतो' असे सांगत राहिलो. त्या भरवशावर तुम्ही दुसरे यंत्र पाहिले नाही आणि गंजी पावसात भिजली. मी तुमची माफी मागतो. तुमचे ५०० रुपये २५ ऑक्टोबरपर्यंत परत मिळतील. माल विकल्यावर बाजार समितीतील हिशेबपट्टी आमच्या कार्यालयात दाखवा. त्या दिवशीचा सर्वसाधारण भाव आणि तुम्हाला मिळालेला भाव यांतील फरक आम्ही आठ दिवसांत देऊ. यापुढे यंत्रांना झेपतील तेवढ्याच नोंदण्या घेऊ."

या संहितेत 'उद्या येतो' हे वाक्य मुद्दाम ठेवले आहे. यंत्र न येण्यापेक्षा खोट्या भरवशामुळे दुसरा मार्ग बंद झाला, हे शेतकऱ्याचे खरे दुखणे आहे, आणि ते कंपनीला समजले आहे हे त्याला याच वाक्यातून कळते. ध्येयाचे वाक्य पूर्ण काढले आहे. नुकसान झालेल्या माणसापुढे स्वतःची स्तुती शोभत नाही.

संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचावी. दीड मिनिटाच्या आत ती सावकाश वाचून होते. जिथे जीभ अडखळते ते वाक्य तोडावे. निर्णय घेणाऱ्यानेच कॅमेऱ्यासमोर बोलावे. निवेदक आणि पार्श्वसंगीत टाळावे.

प्रसारित करण्याआधी त्या ३६ जणांना फोन करून हेच सांगावे, कारण आपल्या नुकसानीची माफी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रथम ऐकणे कोणालाही रुचत नाही. मग त्यांतील एक-दोघांना व्हिडिओ दाखवून विचारावे: चूक कोणाची होती, पैसे किती मिळणार आणि कधी? यांपैकी एखाद्याही प्रश्नाचे उत्तर देताना ते अडले, तर ते वाक्य पुन्हा लिहून चित्रीकरण नव्याने करावे.