दोन मिनिटांत एकच प्रोजेक्ट

"टेल मी अबाउट युवरसेल्फ" हा प्रश्न मला पहिल्यांदा भोसरीतल्या एका छोट्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत विचारला गेला. सोलापूर जिल्ह्यातून ई अँड टीसी करून मी नुकताच पुण्यात आलो होतो. नाव, गाव, दहावी-बारावीचे टक्के, वडिलांचा व्यवसाय, चार प्रोजेक्टांची नावं, छंद, असं पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं आणि ते पन्नास सेकंदांत संपलं. समोरच्या सरांच्या हातात माझा रेझ्युमे होता. मी बोललेलं प्रत्येक वाक्य त्यात आधीच छापलेलं होतं. मग त्यांनी त्यांच्या मनातला प्रश्न विचारला, "ऑप-अँपचा स्ल्यू रेट म्हणजे काय?" मला तो आला नाही. त्यापुढचे सगळे प्रश्न त्याच वाटेने गेले.

आमच्याच कॉलेजची एक सीनियर ताई तेव्हा चाकणला नोकरीला होती. तिला सगळं सांगितल्यावर तिने एवढंच विचारलं, "तुमच्या प्रोजेक्टमध्ये बिघडलं काय होतं?"

प्रोजेक्ट अगदी नेहमीचा होता. मातीतला ओलावा मोजायचा आणि माती कोरडी झाली की पंप सुरू करायचा. जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये एखादा ग्रुप हे करतोच, म्हणून मला त्याबद्दल बोलायला संकोच वाटायचा. पण काय बिघडलं हे मी ताईला पंधरा मिनिटं सांगत होतो. ती म्हणाली, "यातलं एक वाक्य तरी तिथे बोललास का?"

नव्याकोऱ्या उमेदवाराला या प्रश्नावर बोलायला मिळणाऱ्या दोन मिनिटांचा खरा उपयोग मला तेव्हा कळला. पुढचा प्रश्न कशावर यावा, हे थोडंफार आपल्या हातात असतं. चार प्रोजेक्टांची नुसती नावं घेतली तर विचारण्यासारखं काहीच उरत नाही, मग समोरचा माणूस अभ्यासक्रमाकडे वळतो. एकच प्रोजेक्ट घेतला, त्यातली एकच अडचण नीट सांगितली, तर प्रश्न तिथूनच निघतो.

ताईने माझ्याकडून जे लिहून घेतलं ते मी इंग्रजीत बोलायचो. मराठीत ते साधारण असं होतं:

"मी ई अँड टीसी इंजिनिअर आहे, मूळचा पंढरपूरजवळचा. शेवटच्या वर्षी चौघांनी मिळून ओलाव्यावर चालणारी ठिबक सिंचनाची यंत्रणा केली. त्यात सेन्सर आणि आर्डुइनोवरचा प्रोग्राम हा भाग माझा होता. कॉलेजच्या बागेत वांग्याच्या एका वाफ्यावर ती बसवली. तिसऱ्या आठवड्यात वाफ्यात चिखल झाला तरी पंप थांबेना. सेन्सर 'माती कोरडी आहे' असंच सांगत होता. त्याच जागी नवा सेन्सर खोचला तर आकडा बरोबर आला, म्हणजे प्रोग्राम ठीक होता. जुना सेन्सर बाहेर काढला तर त्याच्या पट्ट्यांवरचं तांबं खाल्लं गेलेलं होतं. सेन्सरला आम्ही चोवीस तास ५ व्होल्ट देत होतो, त्यामुळे ओल्या मातीत विद्युत अपघटन होऊन तांबं झिजत होतं. मग मी सेन्सरचा पुरवठा आर्डुइनोच्या एका डिजिटल पिनवरून घेतला. दर १५ मिनिटांनी क्षणभर चालू करायचा, आकडा वाचायचा, बंद करायचा. नंतर सबमिशनपर्यंत दोन महिने तोच सेन्सर चालला. पंपासाठी मी एक नाही, दोन मर्यादा ठेवल्या होत्या. तुमच्याकडे मोजमापाची उपकरणं बनतात आणि मला हेच काम शिकायचं आहे, म्हणून इथे अर्ज केला."

इंग्रजीत, श्वास घेत बोललं की याला पावणेदोन मिनिटं लागत. मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द हा सुखाचा वेग आहे, म्हणजे दोन मिनिटांत अडीचशेच्या आसपास शब्द बसतात. माझा पहिला खर्डा चारशेच्या वर गेला होता. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकला तेव्हा लक्षात आलं की प्रोजेक्टला हात घालायलाच पाऊण मिनिट जात होतं. टक्के, शाळा, घरची माहिती काढून टाकली. ती रेझ्युमेत आहेच, आणि हवी असेल तर एचआरच्या फेरीत विचारतात.

सर्वांत जास्त वेळ गेला तो "आम्ही" या शब्दावर. ग्रुप प्रोजेक्टबद्दल बोलताना तोंडून सारखं "आम्ही केलं, आम्ही बसवलं" येतं. ऐकणाऱ्याला मग कळतच नाही की या मुलाने सोल्डरिंग केलं की रिपोर्टला बाइंडिंग करून आणलं. म्हणून एकदाच "चौघांनी मिळून" म्हणायचं आणि लगेच आपला भाग सांगायचा. दुसऱ्याचा भाग मात्र आपला म्हणून सांगू नये. आमच्या प्रोजेक्टमधलं मोबाइल ॲप माझ्या मित्राने केलं होतं. एका सरावात मी त्याचाही उल्लेख केला. ताईने लगेच विचारलं, "डेटा ॲपपर्यंत कसा जातो?" मी गप्प. ॲपचं वाक्य तिथेच कापलं. प्रत्येक वाक्याला ती हीच कसोटी लावायची: यावर तीन प्रश्न आले तर तिसऱ्याचंही उत्तर आहे का?

शब्दन्‌शब्द पाठ केलेलं मध्येच तुटलं तर पुन्हा जुळत नाही, आणि मुलाखतीत मध्ये थांबवतातच. मी शेवटी फक्त चार टप्पे लक्षात ठेवले: चिखल, नवा सेन्सर, झिजलेलं तांबं, डिजिटल पिन. वाक्यं दर वेळी थोडी वेगळी यायची, पण कोणी कुठेही अडवलं तरी पुढचा टप्पा सापडायचा. बोलणं पाठांतराचं वाटतंय का, हे ओळखायला रूममेटला मुद्दाम मध्येच प्रश्न विचारायला सांगायचं. उत्तर देऊन त्याच जागी परत येता आलं तर तयारी झाली.

सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत तांब्याची गोष्ट कमी करून बिघाड प्रोग्राममध्ये नाही हे कसं ठरवलं, त्यावर मी जास्त वेळ द्यायचो. प्रोजेक्ट तोच ठेवायचा, फक्त जोर कुठे द्यायचा ते बदलायचं. एचआरच्या फेरीत हेच एका मिनिटात, तांत्रिक शब्द वगळून.

चौथी मुलाखत पुन्हा एका उपकरणांच्या कंपनीत होती. माझं बोलून झाल्यावर मॅडमनी विचारलं, "दोन मर्यादा कशासाठी?"

ते वाक्य आम्ही मुद्दाम अर्धवट सोडलं होतं. मी सांगितलं, की सुरुवातीला एकच मर्यादा होती. आकडा ६०० च्या वर गेला की माती कोरडी, पंप चालू. खाली आला की बंद. पण आकडा ५९८, ६०३, ५९९ असा हलायचा आणि रिले सारखा टकटक करत राहायचा. म्हणून ७०० ला चालू आणि ४५० ला बंद असं केलं. मध्ये काही झालं तरी पंप आहे त्या स्थितीत राहतो.

"४५० च का?"

एक कुंडी पूर्ण भिजवून रात्रभर निथळू दिली होती, सकाळचा आकडा ४५० च्या आसपास आला. हे त्या बागेतल्या काळ्या मातीपुरतंच खरं आहे, मुरमाड जमिनीत पुन्हा मोजावं लागेल, हेही सांगितलं. मॅडमनी माझा रेझ्युमे उलटा केला, कोऱ्या बाजूवर पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "सर्किट काढून दाखव."